‘ही माझी... मैत्रीण’

राजगडावर सूर्योदय बघायचा असेल तर पुण्याची मंडळी शनिवारी रात्रीच गुंजवण्याला जाऊन राहतात. नसरापूर फाट्याला हायवे सोडायचा, मार्गासनी, साखर करत गडाच्या पायथ्याशी पोचायचं, गावातल्या एखाद्या घरी पिठलं-भाकरी खायची, ओसरीवर आडवं व्हायचं आणि पहाटे बॅटरीच्या उजेडात चोरदरवाजाची वाट धरायची. झोपण्यापूर्वी एक कार्यक्रम मात्र ठरलेला असतो. तो म्हणजे ओळखपरेड. सगळ्यांनी गोल करून बसायचं. नाव काय, काम काय, कुठून आलो, कोणाबरोबर आलो, एवढं प्रत्येकानं सांगायचं. शेवटचा टप्पा खड्या कातळाचा असतो, रेलिंगला धरून चढायचा. तिथे पुढच्याला हाक मारायला नाव तरी माहीत हवं, म्हणून ग्रुपचे लीडर हे आवर्जून करून घेतात.

अशाच एका ओळखपरेडीची हकिकत आमच्या ओळखीतल्या एका मुलीनं मला सांगितली. मुलगी म्हणजे एकतिसाची, एका कंपनीत अकाउंट्स सांभाळणारी. वारज्यात एका फ्लॅटमध्ये ती आणि तिचा जोडीदार तीन वर्षं एकत्र राहत होते. लग्न करायचं दोघांचं ठरलेलं होतं, तारीख तेवढी ठरत नव्हती. त्या रात्री ग्रुपमध्ये एकोणीस जण होते आणि या दोघांना त्यातलं कोणीच आधी भेटलेलं नव्हतं. फिरत फिरत पाळी याच्यापर्यंत आली. यानं नाव सांगितलं, नोकरी सांगितली, आणि शेजारी हात करून म्हणाला, ‘‘आणि ही माझी... मैत्रीण. आम्ही एकाच सोसायटीत राहतो.’’

कोणाला काहीच खटकलं नाही. खटकण्यासारखं होतंच काय? पुढच्यानं आपलं नाव सांगायला सुरुवात केली. हिनंही स्वतःची पाळी आल्यावर हसून नाव सांगितलं. पण घरची मावशी अंथरुणं काढायला आली तेव्हा तिनं सरळ विचारलं, ‘‘बाया आत माजघरात, गडी हितं ओसरीवर. आन् कोनी नवरा-बायकू आसंल तर सांगा, मागची खोली हाय.’’ एक जोडपं उठून मागच्या खोलीत गेलं. हिनं त्याच्याकडे पाहिलं. तो बूट कुठे ठेवले ते शोधत होता. ही उठून माजघरात गेली.

‘‘मला मागची खोली नको होती हो काकू,’’ ती म्हणाली. ‘‘एका रात्रीचा तर प्रश्न. पण मावशींनी विचारलं तेव्हा मला कळलं की मी कोण आहे हे मलाच माहीत नाही.’’

हा अनुभव फक्त तिचा नाही. लग्न ठरलेल्या, ठरू घातलेल्या, एकत्र राहणाऱ्या कितीतरी मुली अशा एका शब्दापाशी अडखळतात. बाकी सगळं सुरळीत असतं. भाजी कोण आणणार, गॅसचा नंबर कधी लावायचा इथपर्यंत संसार पोचलेला असतो. आणि एखादं नवीन माणूस समोर आलं की एकदम ‘ही माझी मैत्रीण’. घरी येऊन विचारावं तर उत्तर तयार असतं, ‘अगं, तोंडातून गेलं. एवढं काय त्यात?’

तर त्यात काय आणि किती असतं, ते जरा नीट पाहू या.

तोंडातून गेलं म्हणजे काय?

बोलताना जीभ घसरते तेव्हा मनातलं दडलेलं बाहेर येतं, हे म्हणणं सिग्मंड फ्रॉइड यांचं. 1901 साली त्यांनी रोजच्या बोलण्यातल्या, विसरण्यातल्या चुकांवर लिहिलं आणि तेव्हापासून जगभर हा समज पक्का झाला. पण पुढे 1970च्या दशकात अमेरिकेतल्या व्हिक्टोरिया फ्रॉमकिन यांच्यासारख्या भाषाशास्त्रज्ञांनी लोकांच्या अशा चुका टिपून ठेवल्या, हजारो गोळा केल्या. त्यांना दिसलं ते फार साधं होतं. बहुतेक चुकांत शेजारचा आवाज पुढे-मागे होतो, किंवा अर्थानं जवळचा शब्द हव्या त्या शब्दाच्या जागी येऊन बसतो. आपल्याच घरातलं उदाहरण घ्या. धाकट्याला हाक मारायची असते आणि आई आधी थोरल्याचं, मग मुलीचं, कधी कधी तर कुत्र्याचंसुद्धा नाव घेते. तिचं धाकट्यावर प्रेम नाही असं कोणी म्हणत नाही. एका कप्प्यातली नावं, हात भलत्यावर पडला, इतकंच.

म्हणजे ‘बायको’, ‘होणारी बायको’, ‘जोडीदार’, ‘मैत्रीण’ हे सगळे शब्दही एकाच कप्प्यातले. त्यातला चुकीचा बाहेर येऊ शकतो. मग निष्कर्ष काढायचा कशावरून?

तर चुकीनंतर काय होतं त्यावरून. याच आईला बघा. ती चुकते आणि त्याच दमात ‘अरे तू, तू’ म्हणत बरोबर नावावर येते. 1977 साली तीन अमेरिकन अभ्यासकांनी, शेग्लॉफ, जेफरसन आणि सॅक्स यांनी, माणसं बोलताना आपल्या चुका कशा सुधारतात यावर एक लेख लिहिला. या विषयात तो आजही आधाराला घेतला जातो. त्यांचं सांगणं असं, की चूक करणारा बहुतेक वेळा स्वतःच सुधारतो आणि लगेच सुधारतो, बहुधा त्याच वाक्यात. तिथे राहून गेलं तर वाक्य संपल्यावरच्या क्षणभराच्या शांततेत. ऐकणारे जाणूनबुजून किंचित थांबतात, त्याला तेवढी संधी देतात. त्यातूनही राहिलं, तर समोरच्याच्या एखाद्या प्रश्नामुळे पुन्हा संधी येते. म्हणजे एका चुकीला सुधारायला दोन-तीन दारं उघडी असतात.

आता गुंजवण्याच्या ओसरीवर या. ‘मैत्रीण’ म्हटल्यावर पहिलं दार तिथेच उघडं होतं, ‘म्हणजे आमचं लग्न ठरलंय’ एवढे शब्द जोडायला. त्यानं शब्द जोडले, पण दुसरेच. ‘आम्ही एकाच सोसायटीत राहतो.’ हे वाक्य खोटं नाही. एका फ्लॅटमध्ये राहणारे एकाच सोसायटीत राहतातच. पण ऐकणाऱ्याच्या मनात दोन फ्लॅट उभे राहावेत अशा बेतानं ते बोललेलं आहे. घसरलेली जीभ एवढं मोजून बोलत नाही. दुसरं दार, वाक्यानंतरची शांतता. तिथे तो गप्प राहिला. आणि तिसरं दार तर मावशीनं स्वतः उघडून दिलं, सरळ प्रश्न विचारून. तेव्हा तो बूट शोधत होता.

म्हणून एका शब्दावरून कोणाला पकडू नये. शब्द गेला आणि पुढच्या श्वासात सुधारला, तर ती चूक, सोडून द्यावी. शब्द गेला, तसाच राहिला, आणि त्याला टेकू द्यायला दुसरं वाक्य आलं, तर तो निर्णय असतो. कदाचित क्षणात घेतलेला, पण निर्णय.

शब्दच नाहीत, हेही खरं

पुरुषांच्या बाजूनंही थोडं बोलायला हवं, कारण मराठीनं या बाबतीत त्यांची जरा पंचाईत केलेली आहे. लग्नाआधीच्या पक्क्या नात्याला आपल्याकडे चारचौघांत उच्चारता येईल असा सुटसुटीत शब्द नाही. ‘प्रेयसी’ नाटकातली वाटते. ‘वाग्दत्त वधू’ पत्रिकेतली. ‘गर्लफ्रेंड’ म्हटलं की कॉलेजातलं प्रकरण वाटतं आणि सोसायटीतल्या काकांसमोर तोंडातून निघत नाही. ‘पार्टनर’ म्हणावं तर ‘कसला धंदा आहे तुमचा?’ असं विचारणारे अजून आहेत. ‘जोडीदार’ चांगला आहे, पण तो लेखात शोभतो, बोलताना जड जातो.

आणि मुळात नातं थेट न उच्चारण्याची आपली जुनी सवय आहे. बायकोचा उल्लेख ‘आमची मंडळी’, ‘आमचं कुटुंब’, ‘घरातून’ असा व्हायचा. बायका नवऱ्याचं नाव फक्त उखाण्यात घ्यायच्या, एरवी ‘हे’ आणि ‘आमच्याकडचे’. पण यातला फरक लक्षात घ्या. ‘आमची मंडळी’ म्हणणाऱ्याच्या मनात आडपडदा असला तरी ऐकणाऱ्याला नातं बरोबर कळत असे. शब्द आडवळणाचा, अर्थ मात्र उघडा. ‘मैत्रीण’चं याच्या उलट आहे. शब्द उघडा, अर्थ झाकलेला.

शिवाय शब्द नसला तरी वाक्य असतं. ‘आमचं ठरलंय.’ ‘आम्ही बरोबर राहतो.’ ‘पुढच्या वर्षी लग्न करतोय.’ तीन-चार शब्दांत काम होतं. गुंजवण्याच्या मावशीला तर तेवढंही लागलं नसतं. तिला समाजशास्त्र नको होतं, अंथरूण कुठे टाकायचं एवढंच तिला ठरवायचं होतं. खेड्यात ‘तुमचं कोण?’ हा प्रश्न चौकशीचा कमी आणि व्यवहाराचा जास्त असतो. कोणाला कुठे बसवायचं, कोणाला काय म्हणायचं, कोणाची थाळी कोणाशेजारी वाढायची, हे त्यावर ठरतं. त्यामुळे तिथे ‘मैत्रीण’ हे उत्तर पुरत नाही. शहरात ते पुरतं, म्हणून शहरात त्याच्या आड लपता येतं.

कोणासमोर कोण?

त्या रात्री माजघरात झोप लागेना तेव्हा या मुलीनं मनाशी एक हिशेब मांडला. अकाउंट्सची मुलगी ती! गेल्या तीन वर्षांत त्यानं आपली ओळख कोणाकोणाला काय म्हणून करून दिली, ते ती एकेक आठवत गेली.

वारज्याचा फ्लॅट भाड्यानं घेताना घरमालकांना तो म्हणाला होता, ‘‘माझी मिसेस.’’ कारण अविवाहितांना ते जागा देत नव्हते. कॉलेजच्या मित्रांना सगळं खरं माहीत. ऑफिसातल्या लोकांना ‘मैत्रीण’. खालच्या किराणावाल्यानं ‘वहिनी’ म्हटलं तर हा नुसता हसायचा, नाकारायचा नाही. त्याची मावसबहीण पुण्यात आली होती तेव्हा ‘आमच्या ग्रुपमधली’. आणि आईशी फोनवर बोलताना ही खोलीत असली तर काहीच नाही. ‘‘कोणी नाही गं, एकटाच आहे.’’

आता या यादीकडे पाहिलं तर दिसतं की शब्द कसाही बदलत नव्हता. जिथे ‘बायको’ म्हटल्यानं फायदा होता तिथे तो बायको म्हणत होता. जिथे बातमी आपल्याआप जिरून जाईल तिथे खरं सांगत होता. आणि जिथून शब्द फिरत फिरत त्याच्या घरी पोचू शकत होता, तिथे ‘मैत्रीण’. मग तिला ओसरीवरची आणखी एक गोष्ट आठवली. याच्या आधी ज्यानं ओळख करून दिली तो म्हणाला होता, ‘‘मी मूळचा भोरचा.’’ याचं आजोळ भोरला. ‘ही माझी’ आणि ‘मैत्रीण’ यांच्या मधे जी किंचित फट पडली होती, ती त्या भोरच्या माणसासाठी होती.

एर्व्हिंग गॉफमन नावाच्या समाजशास्त्रज्ञानं 1959च्या आपल्या पुस्तकात दाखवलं आहे की आपण सगळेच वेगवेगळ्या प्रेक्षकांसमोर वेगवेगळे वागतो आणि ते प्रेक्षक एकमेकांत मिसळू नयेत याची काळजी घेतो. ऑफिसात साहेबांसमोर आणि माहेरी बहिणीसमोर आपण सारख्या नसतोच. त्यात लबाडी नाही. अडचण येते ती एका ओसरीवर दोन प्रकारचे प्रेक्षक बसल्यावर. तेव्हा माणूस कोणत्या प्रेक्षकाला सांभाळतो आणि कोणाला जरा बाजूला सारतो, त्यावरून त्याच्या लेखी कोणाचं पारडं जड आहे ते कळतं. इथे पारडं घराचं जड होतं.

यावरून त्याचं हिच्यावर प्रेम नाही, असं मात्र निघत नाही, आणि इथे मुली बऱ्याचदा घाई करतात. निघतं ते एवढंच, की त्यानं घरी सांगितलेलं नाही आणि नजीकच्या काळात सांगायचा त्याचा विचारही नाही. ‘तारीख ठरत नाही’ याचं कारण हॉल मिळत नाही हे नव्हतं. हे कळणं भावनेच्या प्रश्नाहून वेगळं आणि जास्त उपयोगाचं आहे. कारण ‘तू माझ्यावर प्रेम करतोस का?’ याला उत्तर ‘हो’ असंच येतं आणि ते खरंही असतं. ‘तुझ्या घरी मी कोण आहे?’ याला तसं उत्तर देता येत नाही.

तिनं तोच प्रश्न विचारला, परत आल्यावर दोन दिवसांनी, जेवताना. ‘मैत्रीण का म्हणालास’ हा विषयच काढला नाही. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘‘आईला सांगितलं तर ती जात विचारेल.’’ तीन वर्षांत पहिल्यांदा खरं कारण ताटाशेजारी येऊन बसलं. पुढे त्यानं सांगितलं का? सांगितलं, पण पाच महिन्यांनी, आणि तेही हिनं भाडेकराराचं नूतनीकरण करायला नकार दिल्यावर. घरून काय उत्तर आलं ते अजून नक्की नाही. पण आता नकार आला तरी तो दोघांना मिळून येईल, आणि हिला निदान माहीत असेल की आपण कशाची वाट पाहतोय.

कायद्याच्या दारात हाच शब्द

इथपर्यंत हा मनाचा विषय झाला. पण याला एक दुसरी बाजू आहे, ती मुलींना सहसा कोणी सांगत नाही. ‘मैत्रीण’ हा शब्द कोर्टातही मोजला जातो.

कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा 2005चा कायदा 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू झाला. त्यात लग्नाच्या बायकोबरोबरच ‘विवाहसदृश नात्यात’ राहणाऱ्या स्त्रीलाही संरक्षण आहे. मारहाण, छळ झाला, घराबाहेर काढलं, तर तिला राहत्या घरात राहण्याचा आदेश, खर्चाची रक्कम अशा गोष्टी मागता येतात. पण विवाहसदृश म्हणजे काय, हे कायद्यानं सांगितलेलं नाही. ते सांगावं लागलं सर्वोच्च न्यायालयाला, 2010 सालच्या वेलुसामी निकालात. तिथे चार अटी आल्या. दोघं लग्नाच्या वयाची हवीत. कायद्यानं लग्न करायला मोकळी हवीत, म्हणजे कोणाचं आधीचं लग्न टिकून असता कामा नये. स्वखुशीनं बराच काळ एकत्र राहिलेली हवीत. आणि या सगळ्याच्या आधी, पहिलीच अट, दोघांनी समाजासमोर पतिपत्नीसारखं वावरलेलं हवं.

समाजासमोर वावरणं म्हणजे काय? शेजारी, घरमालक, मित्र, नातेवाईक यांच्यापुढे तुम्ही एकमेकांना काय म्हणून उभं केलंत, ते.

2013 साली इंद्रा सरमा खटल्यात याच न्यायालयानं हे अधिक उलगडून सांगितलं. किती काळ एकत्र राहिलात, घर एक होतं का, पैसे एकत्र होते का, घरकाम कसं चाले, मुलं होती का, दोघांचा हेतू काय होता, असं पुष्कळ काही बघायचं; आणि त्यात मित्र-नातेवाइकांत पतिपत्नी म्हणून मिसळत होतात का, हेही. हा खटला कर्नाटकातला. दोघं एका कंपनीत नोकरीला होती. बाईंनी 1992 मध्ये नोकरी सोडली आणि त्या माणसाबरोबर राहू लागल्या. तो विवाहित होता, त्याला मुलं होती आणि हे बाईंना माहीत होतं. चौदा वर्षांनी, 2006 मध्ये, तो निघून गेला. मॅजिस्ट्रेटनं बाईंना दरमहा 18,000 रुपये द्यायला सांगितले. उच्च न्यायालयानं तो आदेश रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयातही बाई हरल्या.

हरण्याचं मुख्य कारण त्याचं आधीचं लग्न, हे स्पष्ट सांगायला हवं. पण न्यायालयानं बाकीच्या कसोट्याही एकेक करून लावल्या आणि त्यात हेही नोंदवलं, की दोघं चारचौघांत पतिपत्नी म्हणून मिसळल्याचा पुरावा नाही. त्यानं आपल्याला बायको म्हणून कुठे वागवलं नाही, ही त्या बाईंची तक्रारच होती. पण जे दुःख म्हणून मांडलं, तेच कसोटीवर कमी पडणारी बाजू ठरलं.

आता आपल्या मुलीचं उदाहरण या कसोट्यांवर लावून बघा. दोघं अविवाहित, वयानं मोठी, तीन वर्षं एक घर. इथपर्यंत तिची बाजू भक्कम आहे. पण उद्या वेळ आलीच आणि साक्षीदार शोधायचे झाले, तर घरमालक म्हणतील ‘बायको’, किराणावाला म्हणेल ‘वहिनी’, ऑफिसातले म्हणतील ‘मैत्रीण’ आणि ट्रेकच्या ग्रुपमधले सतरा जण म्हणतील ‘त्याच्या सोसायटीत राहणारी कोणीतरी’. एका ओळखपरेडीवर कोणतंही कोर्ट निर्णय देत नाही, सगळं मिळून बघतात. पण ‘सगळं मिळून’ हे अशाच छोट्या छोट्या ओळखींचं बनलेलं असतं. आणि रीतसर लग्न नोंदवलेलं असेल तर यातला एकही प्रश्न उभा राहत नाही. तेव्हा नवऱ्यानं पार्टीत ‘ही माझी मैत्रीण’ म्हटलं तर राग येऊ शकेल, हक्क जाणार नाही. लग्नाविना राहणारीचं तसं नाही. तिचं नातं बऱ्याच अंशी लोकांसमोर उच्चारल्यानंच सिद्ध होतं.

दोघांनी मिळून ठरवलं असेल तर

प्रत्येक ‘मैत्रीण’मागे कमकुवत माणूस असतो, असंही नाही. कधी हा शब्द दोघांनी मिळून ओढून घेतलेली छत्री असते. घरच्यांपासून जिवाला धोका आहे अशी आंतरजातीय जोडपी नव्या गावात गप्प राहतात. दोन बायका संसार करत असतील तर त्या ‘मैत्रिणी’ म्हणूनच जागा भाड्यानं घेतात. समलिंगी संबंध 2018 पासून गुन्हा नाहीत, पण त्यांच्या लग्नाला मान्यता द्यायला सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर 2023 मध्ये नकार दिला. मग त्यांनी घरमालकाला काय सांगावं?

आणि साठीच्या पुढच्यांचं बघा. पुण्यात माधव दामले यांनी एकट्या ज्येष्ठांना लग्नाविना एकत्र राहता यावं म्हणून काम उभं केलं. अशा जोडप्यांत लग्न टाळण्याची कारणं बहुधा मालमत्तेची आणि मुलांच्या मनाची असतात. तिथे आजोबा सुनेला ‘या माझ्या मैत्रीण’ म्हणतात तेव्हा सून सगळं समजून चहा टाकते. फसवणूक कोणाचीच होत नाही, कारण शब्द कोणता वापरायचा ते आधी दोघांनी बसून ठरवलेलं असतं.

फरक इथेच आहे. प्रश्न ‘मैत्रीण’ या शब्दाचा नसून तो कोणी ठरवला याचा आहे. दोघांनी ठरवला असेल तर तो आडोसा. एकानं ठरवला आणि दुसरीला तो चारचौघांत पहिल्यांदा ऐकू आला, तर ती बातमी असते.

मात्र आडोसा दोघांनी मिळून घेतला तरी त्याची किंमत लक्षात ठेवावी. तोंडानं जे बोलायचं नाही ते कागदावर तरी असू द्यावं. भाडेकरारावर दोघांचीही नावं असावीत. महाराष्ट्रात तो नोंदवावाच लागतो, म्हणून एकत्र राहिल्याचा तो चांगला पुरावा असतो. वीजबिल, गॅस, बँकेचं खातं, यांत कुठेतरी दोघं एकत्र दिसावीत. बँकेच्या ठेवीला वारसनोंद करताना नातेवाईकच हवा असं नसतं, हेही माहीत असावं. अर्थात नोंद असलेल्याला बँक पैसे देते, मालकी कोणाची हा वाद वेगळा राहतो. त्यासाठी मृत्युपत्रच हवं.

आणि दवाखान्यात ऑपरेशनच्या आधी एक फॉर्म समोर येतो. त्यात एक रकाना असतो, ‘रुग्णाशी नाते’. तिथे काय लिहायचं, हे कॉरिडॉरमध्ये उभं राहून ठरवायची वेळ येऊ नये. एरवी एखाद्या निवांत रविवारी, चहा घेताना, दोघांनी एकमेकांना विचारून ठेवावं.